रजेचा अर्ज ‘मार्फत’ कसा जातो: नव्याने शासकीय सेवेत आलेल्यांसाठी

नोकरीला लागल्यावर पहिली किरकोळ रजा सहज मिळते. साहेबांसमोर अर्ज ठेवायचा, त्यांनी कोपऱ्यात सही करायची, काम झालं. त्यामुळे पहिल्यांदा दहा-बारा दिवसांची अर्जित रजा लागते तेव्हाही नवा कर्मचारी तसाच एक अर्ज खरडतो, साहेबांच्या टेबलावर ठेवतो आणि निश्चिंत होतो. जायची तारीख आठवड्यावर आली की कळतं, अर्ज अजून जिल्ह्याला पोचलेलाच नाही, किंवा पोचून ‘अभिप्रायासह फेरसादर करावे’ असा शेरा घेऊन परत आला आहे.

किरकोळ रजा बहुतेक ठिकाणी तुमचा लगतचा वरिष्ठच मंजूर करतो. अर्जित, अर्धपगारी, परिवर्तित या रजांचं तसं नसतं. त्या मंजूर करणारा सक्षम प्राधिकारी बऱ्याचदा एक-दोन पायऱ्या वर बसलेला असतो आणि तो तुम्हाला चेहऱ्यानेही ओळखत नसतो. त्याच्यासमोर फक्त कागद असतो. तुमच्या अर्जासोबत खालच्या कार्यालयाने काय लिहून पाठवलं आहे, यावर त्याचा निर्णय ठरतो. म्हणून या लेखात अर्जाइतकंच, किंबहुना जरा जास्तच, त्या सोबतच्या अग्रेषण पत्राबद्दल लिहिलं आहे. ते पत्र तुम्ही लिहीत नाही, तुमचे साहेब लिहितात. पण ते चांगलं लिहिलं जावं यासाठी लागणारा मालमसाला तुम्हालाच पुरवावा लागतो.

महाराष्ट्र शासनाच्या सेवेतलं एक उदाहरण घेऊन चालू. एक कनिष्ठ लिपिक तालुका कृषी अधिकारी कार्यालयात आहे. त्याच्याकडे आवक-जावक आणि महाडीबीटीवरच्या अनुदान प्रकरणांचं टेबल आहे. वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया पुण्यात ठरली आहे आणि त्याला फेब्रुवारी २०२६ मध्ये सोमवार ९ तारखेपासून शुक्रवार २० तारखेपर्यंत रजा हवी आहे. त्याच्या वर तालुका कृषी अधिकारी, त्यांच्या वर उपविभागीय कृषी अधिकारी आणि त्यांच्या वर जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी. या रजेच्या मंजुरीचे अधिकार जिल्हा अधीक्षकांकडे आहेत आणि लिपिकाचं सेवापुस्तक उपविभागीय कार्यालयात ठेवलेलं आहे, असं धरू. तुमच्या विभागात अधिकार कोणाकडे आहेत हे आस्थापना लिपिकाला आधी विचारा. अधिकार प्रदान केल्याचा आदेश त्याच्या फाईलमध्ये असतो आणि किती दिवसांपर्यंतची रजा कोणी मंजूर करायची हे त्यात लिहिलेलं असतं.

आधी दिवस मोजा

अर्ज लिहिण्यापूर्वी कॅलेंडर समोर घ्या. ९ ते २० फेब्रुवारी हे दोन्ही दिवस धरून १२ दिवस होतात. मध्ये १४ आणि १५ तारखेला शनिवार-रविवार आहेत आणि १९ तारखेला शिवजयंतीची सुट्टी आहे. नव्या माणसाला वाटतं की हे तीन दिवस वजा होऊन रजा नऊच दिवस लागेल. तसं होत नाही. अर्जित रजेच्या मध्ये आलेल्या सुट्ट्या रजेतच मोजल्या जातात, म्हणून खात्यातून १२ दिवस जाणार.

रजेच्या आधी आणि नंतर लागून येणाऱ्या सुट्ट्यांची गोष्ट वेगळी. ७ व ८ फेब्रुवारीचे शनिवार-रविवार मागे आणि २१ व २२ तारखेचे पुढे जोडता येतात. ते रजेत मोजले जात नाहीत, पण जोडण्याची परवानगी अर्जात मागावी लागते. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाल्यावर शनिवारही यात आला. ज्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू नाही, तिथल्यांनी आपापला हिशोब करावा. परवानगी न मागता शुक्रवारी संध्याकाळी गावाला निघून गेलात आणि शनिवारी तातडीच्या कामासाठी बोलावणं आलं, तर कागदावर तुम्ही मुख्यालयी असायला हवे होता.

एक युक्ती हमखास कुणीतरी सुचवतं: ९ ते १८ अर्जित रजा टाक, १९ ची सुट्टी आहेच आणि २० तारखेला किरकोळ टाक, म्हणजे दोन दिवस वाचतील. ही युक्ती चालत नाही. किरकोळ रजा ही नियमांच्या भाषेत रजाच नव्हे, ती कामावरून घेतलेली सवलत आहे, आणि ती अर्जित रजेला जोडता येत नाही. असा अर्ज वर गेला की आस्थापना शाखा त्यावर शेरा मारते आणि अर्ज आला तसा खाली येतो. आठवडाभराचा वेळ दोन दिवस वाचवण्यात जातो.

मग शिल्लक. अर्जित रजा १ जानेवारी आणि १ जुलैला प्रत्येकी १५ दिवस आगाऊ जमा होते, वर्षाची ३०. अर्धपगारी रजा वर्षाला २० दिवस असते. आपल्या लिपिकाच्या खात्यावर १ जानेवारी २०२६ ची जमा धरून ५२ दिवस अर्जित रजा आहे. ही संख्या त्याने डोक्यातून लिहिली नाही. उपविभागातल्या आस्थापना लिपिकाला फोन करून रजा लेख्यातून खात्री करून घेतली. सेवापुस्तकात गेल्या वेळची रजा नोंदवायची राहिलेली असणं ही फार सामान्य गोष्ट आहे, आणि ती मंजुरीच्या वेळी लक्षात आली तर तुमचा अर्ज त्या जुन्या नोंदीसाठी अडकतो.

अर्जातल्या दोन ओळी

अर्ज ‘प्रति’ मंजूर करणाऱ्या प्राधिकाऱ्याला असतो आणि त्याखाली ‘मार्फत’ म्हणून मधल्या पायऱ्या खालून वर लिहितात. आपल्या उदाहरणात तो असा सुरू होईल:

प्रति,
मा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, ………

मार्फत,
१) मा. तालुका कृषी अधिकारी, ………
२) मा. उपविभागीय कृषी अधिकारी, ………

विषय : दि. ९/२/२०२६ ते २०/२/२०२६ या कालावधीत १२ दिवस अर्जित रजा मंजूर करणेबाबत.

हा कागद हातात द्यायचा मात्र फक्त तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. पुढचा प्रवास तो एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पत्राने करतो. ‘प्रति’मध्ये जिल्हा अधीक्षकांचं नाव आहे म्हणून काही जण अर्ज थेट जिल्ह्याच्या टपालात टाकतात. तो तिथून ‘योग्य मार्गाने सादर करावा’ असा शेरा घेऊन तालुक्याला येतो आणि तालुक्याच्या साहेबांना त्यांच्याच लिपिकाच्या रजेची बातमी जिल्ह्याकडून कळते. त्यानंतर त्यांच्याकडून मनापासून शिफारस मिळण्याची अपेक्षा ठेवू नये.

साध्या अर्जासोबत विहित नमुन्यातला रजेचा अर्ज, म्हणजे नमुना १, भरून जोडतात. त्यात रजेचा प्रकार, कालावधी, मागे-पुढे जोडायच्या सुट्ट्या, कारण, आधीच्या रजेवरून केव्हा परतलात आणि ती कोणती रजा होती, रजेतला पत्ता असे रकाने असतात. खाली नियंत्रण अधिकाऱ्याच्या शिफारशीसाठी आणि रजा अनुज्ञेय असल्याच्या दाखल्यासाठी जागा असते. शेवटच्या दोन जागा तुम्ही मोकळ्या ठेवायच्या.

कारण एका वाक्यात पुरतं. ‘घरगुती कारणास्तव’ असं लिहून भागतं, पण वरचा अधिकारी रजा पुढे ढकलता येईल का हे ठरवतो ते कारणावरूनच. ‘वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया दि. १०/२/२०२६ रोजी पुणे येथे नियोजित आहे’ असं लिहिलं की तारीख हलणार नाही हे त्याला कळतं. रुग्णालयाने दिलेलं नियोजनाचं पत्र असेल तर छायाप्रत जोडा. चार पानी करुण कहाणी लिहू नका, ती कुणी वाचत नाही.

अर्जात मुख्यालय सोडण्याची परवानगी मागायची, रजेतला पत्ता आणि मोबाईल क्रमांक द्यायचा आणि एक ओळ आवर्जून लिहायची: तुमचं काम त्या काळात कोण बघणार. ‘माझ्याकडील आवक-जावक व महाडीबीटी कार्यभार श्री. ……, कनिष्ठ लिपिक यांच्याकडे सोपविण्यास त्यांची संमती आहे’ या वाक्याखाली त्या सहकाऱ्याची सही घ्या. या एका सहीने अर्ज जेवढा पुढे सरकतो तेवढा तो गोड भाषेने कधीच सरकत नाही. विशेषतः फेब्रुवारीत, जेव्हा मार्चअखेरची देयकं आणि अनुदानाचा खर्च डोक्यावर असतो, तेव्हा साहेबांच्या मनात प्रश्न एकच असतो: याचं टेबल कोण सांभाळणार?

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन स्वतःकडे ठेवा. आपला लिपिक स्वतःच आवक-जावक सांभाळतो. स्वतःचा अर्ज स्वतःच आवकला नोंदवताना त्याने क्रमांक रीतसर टाकला, दिनांक ५ जानेवारी.

अग्रेषण पत्र

आता खरा भाग. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज आला की त्यांनी तो उपविभागाला पाठवायचा. हे पाठवणं तीन तऱ्हांनी होतं.

पहिली तऱ्हा अशी की अर्जाच्याच समासात ‘पुढील कार्यवाहीस्तव सादर’ असा शिक्का आणि सही. कागद पुढे जातो, पण त्यात मत काहीच नाही. जिल्ह्यातला आस्थापना लिपिक टिपणी लिहायला बसतो तेव्हा त्याला विचारावंसं वाटतं: तालुक्याची हरकत आहे की नाही? काम कोण करणार? तो अंदाजाने टिपणी लिहिणार नाही, अभिप्राय मागवणारं पत्र खाली पाठवेल. अर्ज अडकण्याचं सर्वांत सामान्य कारण हेच आहे.

दुसरी तऱ्हा म्हणजे शिफारस नसल्याचं अग्रेषण. साहेबांना रजा देणं परवडत नसेल तर त्यांनी तसं कारणासह लिहून अर्ज पुढे पाठवायचा असतो. तो टेबलाच्या खणात ठेवायचा नसतो, कारण नामंजूर करण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे आहे. हे ऐकायला कठोर वाटतं, पण अर्जदाराच्या दृष्टीने खणातल्या अर्जापेक्षा नकारात्मक शिफारस बरी. तिला निदान उत्तर मिळतं.

तिसरी तऱ्हा म्हणजे शिफारशीसह स्वतंत्र पत्र. आपल्या उदाहरणातलं पत्र असं असेल:

जा.क्र. / ताकृअ / आस्था / अर्जित रजा / …… / २०२६
दिनांक : ८/१/२०२६

प्रति,
मा. उपविभागीय कृषी अधिकारी, ………

विषय : अर्जित रजा मंजूर होणेबाबत. श्री. ………, कनिष्ठ लिपिक.
संदर्भ : संबंधितांचा दि. ५/१/२०२६ रोजीचा अर्ज.

महोदय,
उपरोक्त विषयान्वये, या कार्यालयातील श्री. ………, कनिष्ठ लिपिक यांनी वडिलांच्या नियोजित शस्त्रक्रियेसाठी दि. ९/२/२०२६ ते २०/२/२०२६ असे १२ दिवस अर्जित रजा मंजूर होण्यासाठी अर्ज केला आहे. रजेच्या मागे दि. ७ व ८ आणि पुढे दि. २१ व २२ फेब्रुवारी या सुट्ट्या जोडण्याची व मुख्यालय सोडण्याची परवानगी त्यांनी मागितली आहे.

रजेच्या कालावधीत त्यांच्याकडील कार्यभार श्री. ………, कनिष्ठ लिपिक हे स्वतःचे काम सांभाळून पाहतील. त्यांची संमती अर्जावर आहे. त्यामुळे कार्यालयीन कामकाजात अडचण येणार नाही. रजा मंजूर होण्यास या कार्यालयाची शिफारस आहे.

संबंधितांचे सेवापुस्तक आपल्या कार्यालयात असल्याने रजा शिल्लकीच्या दाखल्यासह प्रकरण मा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी यांच्याकडे मंजुरीस्तव सादर व्हावे, ही विनंती.

सोबत : १) मूळ अर्ज २) नमुना १ ३) रुग्णालयाच्या पत्राची छायाप्रत

तालुका कृषी अधिकारी, ………

या पत्रात तालुक्याने फक्त स्वतःला माहीत असलेल्या गोष्टी सांगितल्या आहेत: माणूस कोण, काम कोण पाहणार, हरकत आहे का. शिल्लक त्यांनी प्रमाणित केली नाही, कारण सेवापुस्तक त्यांच्याकडे नाही. अनेक तालुका कार्यालयं उत्साहात ‘रजा शिल्लक आहे’ असं लिहून टाकतात. उपविभागातल्या रजा लेख्यात आकडा वेगळा निघाला की पत्र परत येतं. उपविभागाचं पत्रही असंच छोटं असावं. त्यात ते शिल्लकीचा दाखला जोडतील (१ जानेवारी २०२६ रोजी ५२ दिवस, रजेनंतर ४०), तालुक्याच्या शिफारशीशी सहमत असल्याचं लिहितील आणि प्रकरण जिल्ह्याला सादर करतील. प्रत्येक पायरीने असा आपल्याकडचा एक भाग जोडला की जिल्ह्यातल्या लिपिकाला विचारायला काही उरत नाही.

वरच्या कार्यालयाला लिहिताना क्रियापदंही जपावी लागतात. खालून वर कागद ‘सादर’ होतो आणि विनंती ‘व्हावे’ अशी असते. वरून खाली कागद ‘पाठविण्यात येतो’ आणि तिथे ‘करावे’ चालतं. नव्या लिपिकाने मसुदा करताना वरिष्ठ कार्यालयाला ‘तात्काळ मंजुरी देऊन या कार्यालयास कळवावे’ असं लिहिलं तर साहेब सही न करता मसुदा परत देतात, आणि बरोबरच करतात.

हे पत्र साहेबांच्या वतीने बहुतेक वेळा आस्थापनेचा लिपिकच तयार करतो. लहान कार्यालयात तो लिपिक तुम्हीच असण्याची शक्यता आहे. अशा वेळी स्वतःच्या रजेचा मसुदा स्वतः करण्यात गैर काही नाही, पण शिफारशीचं वाक्य साहेबांना विचारून लिहा. ‘शिफारस आहे’ हे वाक्य तुम्ही आधीच टाकून सहीला ठेवलंत आणि साहेबांनी घाईत सही केली, तर काम होईल, विश्वास मात्र जाईल.

जिल्ह्यात कागदाचं काय होतं

जिल्हा कार्यालयात पत्र आवक शाखेत नोंदलं जातं, टपाल म्हणून अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जातं, मग आस्थापना शाखेच्या संबंधित कार्यासनाकडे येतं. तिथला लिपिक टिपणी लिहितो: अर्जदार कोण, किती रजा मागितली, शिल्लक किती, शिफारस आहे का, नियमानुसार अनुज्ञेय आहे का. टिपणी शाखेच्या अधीक्षकांकडून वर जाते, जिल्हा अधीक्षक मान्यता देतात आणि मग आदेशाचा मसुदा निघतो. ई-ऑफिस असलं तरी टप्पे हेच, फक्त फाईल पडद्यावर फिरते. त्या वेळी तिचा क्रमांक मिळवून ठेवा, म्हणजे चौकशी करणं सोपं जातं.

वेळेचा अंदाज कसा बांधायचा? महाराष्ट्रात २००५ चा जो बदल्यांच्या विनियमनाचा आणि शासकीय कर्तव्यातल्या विलंबाला प्रतिबंध करणारा अधिनियम आहे, त्यानुसार सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. हा नियम हातात घेऊन कुणाशी भांडायचं नसतं, पण नियोजनाला तो उपयोगी आहे. तालुका, उपविभाग आणि जिल्ह्यातली दोन-तीन टेबलं यांचा हिशोब केला तर महिनाभर लागू शकतो हे दिसतं. आपल्या लिपिकाने ५ जानेवारीला अर्ज दिला. ८ ला तालुक्यातून निघाला, १४ ला उपविभागातून, १९ ला जिल्ह्यात नोंदला गेला आणि ३० जानेवारीला आदेश निघाला. सगळं सुरळीत असूनही २५ दिवस. ठरलेली रजा असेल तर पाच आठवडे आधी अर्ज देणं शहाणपणाचं.

चौकशी कोणाकडे करायची, हाही शिष्टाचाराचा भाग आहे. कागद जिथे आहे त्या टेबलाच्या लिपिकाला फोन करा, जावक क्रमांक आणि तारीख सांगा. ‘माझा अर्ज आला का’ असं विचारलं तर त्याला ढीग उपसावा लागतो. ‘तुमच्याकडे १४ तारखेच्या जावकने निघालेलं पत्र’ असं सांगितलं तर तो दोन मिनिटांत शोधतो. जिल्हा अधीक्षकांना थेट फोन करू नका. आगाऊ प्रत पाठवण्याची पद्धत इतर काही प्रकरणांत वापरतात, पण साध्या रजेसाठी तिची गरज पडत नाही, उगाच मधल्या साहेबांच्या मनात शंका निर्माण होते.

आदेश नीट वाचा

आदेशात साधारण चार गोष्टी असतात. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मधल्या नियम ५० खाली अमुक तारखांची १२ दिवस अर्जित रजा मंजूर केल्याचं वाक्य, मागे-पुढे सुट्ट्या जोडण्याची परवानगी, रजेवर गेले नसते तर ते त्याच पदावर कार्यरत राहिले असते असा दाखला आणि रजा संपल्यावर त्याच पदावर रुजू होतील असा उल्लेख. हा दाखला अनेकांना निरर्थक वाटतो. पण रजेतला पगार आणि पदावरचं सातत्य त्याच्या आधारे धरलं जातं, म्हणून आदेशात तो नसेल तर सांगून घालून घ्या.

कधी मंजुरी कमी दिवसांची येते, कधी नकार येतो. नियम १० नुसार रजा हक्क म्हणून मागता येत नाही. शासकीय कामाच्या निकडीसाठी ती नाकारता येते, दिलेली परतही बोलावता येते. त्याच नियमात तुमच्या बाजूची एक गोष्टही आहे: तुम्ही मागितलेल्या आणि खात्यावर असलेल्या रजेचा प्रकार तुमच्या लेखी विनंतीशिवाय बदलता येत नाही. अर्जित रजा मागितली असताना परस्पर अर्धपगारी मंजूर झाली, तर ती दुरुस्त करून मागा. मागायचीही तीच वाट, ‘मार्फत’.

निघायचा दिवस आला आणि आदेश हातात नाही, ही परिस्थिती येते. ‘अर्ज दिला आहे’ म्हणजे रजा मंजूर झाली असं समजून निघू नका. मंजुरीशिवाय गैरहजर राहिलेला काळ अनधिकृत गैरहजेरी ठरू शकतो, त्याचा पगार जातो आणि शिस्तभंगाची कारवाईही होऊ शकते. लगतच्या साहेबांना लेखी कळवा, वर दूरध्वनीवरून स्थिती विचारून घ्यायची विनंती करा आणि ते कार्यालय सोडायला परवानगी देत असतील तर ती अर्जावर लेखी घ्या. अचानक आजारपण आलं तर गोष्ट वेगळी: आधी ईमेल किंवा मोबाईलवरून कळवा, वैद्यकीय प्रमाणपत्रासह अर्ज मागाहून त्याच मार्गाने द्या आणि रुजू होताना तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र सोबत ठेवा.

जाताना आणि येताना

शुक्रवारी ६ फेब्रुवारीला कामकाज संपताना आपल्या लिपिकाने कार्यभार हस्तांतराचा कागद केला: आवक-जावक नोंदवह्या, प्रलंबित पत्रांची यादी, महाडीबीटीवरची कोणती प्रकरणं कोणत्या टप्प्यावर, कपाटाची किल्ली. घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची सही, वर साहेबांची. लॉगिनचा पासवर्ड मात्र सहकाऱ्याला दिला नाही. साहेबांच्या लेखी सूचनेने ते काम सहकाऱ्याच्या स्वतःच्या लॉगिनवर वळतं करून घेतलं. पासवर्ड दिला आणि मधल्या काळात चुकीच्या प्रकरणाला मान्यता गेली तर जबाबदारी त्याच्या नावावर येते.

रजा लवकर संपवायची असेल, समजा शस्त्रक्रियाच पुढे गेली, तर मनाने १६ तारखेला येऊन हजेरीपत्रकावर सही करू नका. मंजूर रजा संपण्याआधी रुजू होण्यालाही रजा मंजूर करणाऱ्याची परवानगी लागते. वाढवून हवी असेल तर मुदत संपण्याच्या आत अर्ज करा, पुन्हा तोच मार्ग. मुदत संपल्यावर परवानगीशिवाय घरी राहिलेले दिवस वेगळे मोजले जातात. त्यांचा पगार मिळत नाही आणि ते अर्धपगारी रजेतून वजा होतात.

सोमवारी २३ फेब्रुवारीला तो कार्यालयात आला आणि त्याने रुजू अहवाल दिला: ‘मंजूर अर्जित रजा उपभोगून व मागे-पुढे सुट्ट्या जोडून आज दि. २३/२/२०२६ रोजी मध्यान्हपूर्व कर्तव्यावर रुजू झालो आहे.’ हा अहवालही तालुका कार्यालयाच्या पत्राने उपविभागाला आणि जिल्ह्याला जातो, कारण आदेशाच्या फाईलमध्ये तो लागल्याशिवाय ते प्रकरण बंद होत नाही.

पुढच्या महिन्यात उपविभागात काही कामाने गेलात तर सेवापुस्तकाचं रजा लेख्याचं पान उघडून बघा. आदेशाचा क्रमांक, ९ ते २० फेब्रुवारी, १२ दिवस, शिल्लक ४० अशी नोंद आणि समोर अधिकाऱ्याची सही असायला हवी. नसेल तर तिथेच आस्थापना लिपिकाकडे आदेशाची प्रत द्या.